काकूंची हनुवटी आणि ट्रायपॉडची उंची

मागच्या पोळ्याला काढलेला फोटो पाहून काकू म्हणाल्या, "मी एवढी जाडी दिसतो का रे?" तेव्हाच ठरवलं, की हे नीट मोजून पाहायचं. आर्वीजवळच्या आमच्या घराच्या ओसरीत रविवारी सकाळी काकूंना स्टुलावर बसवलं. डोळे जमिनीपासून ११५ सेंमीवर आले. मोबाइल ट्रायपॉडवर, दीड मीटर लांब, दोन पट झूमवर. जागा आणि उजेड तोच ठेवून फक्त उंची बदलत गेलो.

पोळ्याचा फोटो मी उकिडवं बसून घेतला होता. म्हणून पहिली उंची ७५ सेंमी. जबड्याखालचा सगळा भाग कॅमेऱ्यासमोर उघडा, हनुवटी आणि गळा एकच. ११५ वर जबड्याची रेषा पुसट दिसली. १३५ वर गळ्याचा बराच भाग जबड्यामागे गेला आणि रेषा उमटली.

मग वाटलं, ट्रायपॉड ११५ वरच ठेवून काकूंनाच मान खाली करायला सांगितलं तर? दीड मीटरवरून २० सेंमी म्हणजे साधारण साडेसात अंश, तेवढीच मान झुकवायची. चेहऱ्याचा कोन जवळपास तोच आला, पण गळ्याला दोन आडव्या घड्या पडल्या. कॅमेरा वर नेला तर कातडी जागची हलत नाही, मान वाकवली तर ती हनुवटीखाली गोळा होते. मला या आठवड्यात कळलेली सगळ्यात मोठी गोष्ट हीच.

त्यातही "हनुवटी खाली" म्हटलं की माणूस ती मागे ओढतो. काकूंनीही तेच केलं. बाजूला उभं राहून पाहिलं तर कान खांद्याच्या मागे गेलेले. मग म्हटलं, "काकू, सुनेच्या कानात काही सांगाचं आहे असं कपाळ पुढे आणा." कान खांद्याच्या पुढे आले, गळा ताणला गेला. "असं कासवावानी बसू का?" म्हणाल्या. बाजूने खरंच विचित्र दिसतं, समोरून कळत नाही. १३५ ची उंची आणि पुढे आलेलं कपाळ, हीच फ्रेम ठेवली.

सेल्फीत हे आकडे चालत नाहीत. हाताच्या अंतरावर, ५० सेंमीवर, तेच २० सेंमी म्हणजे २२ अंश होतात. कपाळ मोठं, हनुवटी टोकदार, चेहरा ओळखीचा राहत नाही. तिथे मी सात-आठ सेंमीच्या वर जात नाही.

दुपारी हाच प्रयोग अंगणात फसला. पांढऱ्या कोब्यावरचं ऊन खालून गळ्यावर येत होतं, जबड्याखालची सावलीच उरली नाही. पायाशी काळं घोंगडं अंथरलं तेव्हा थोडी परतली.

माझा चुलतभाऊ चांगला सडपातळ आहे, तरी समोरून त्याची रेषा दिसत नाही. त्याची हनुवटी मुळातच आत आहे. त्याच्यावर १३५ ची उंची पुरली नाही, पुढच्या रविवारी चेहरा थोडा वळवून पाहतो.