नाव बदललं तरी चालेल अशी पोस्ट

“यातलं नाव बदललं तर ही पोस्ट कुणालाही चालेल ना?” शेजारच्या टेबलवरच्या ताई म्हणाल्या.

नव्या सहकारी मुलीच्या स्वागताच्या पोस्टचा एचआरकडून आलेला मसुदा होता: “मेहनती, उत्साही, टीम प्लेयर. हार्दिक स्वागत!” ताईंचं पटलं. अकाउंट्समध्ये आलेल्या नव्या मुलीला मी फोन लावला आणि विचारलं, “आधीच्या ऑफिसात लोक कुठे अडले की तुझ्याकडे यायचे?” ती लगेच म्हणाली, “जीएसटीआर-२बी आणि खरेदी रजिस्टर जुळेना, की.”

मग लिहिलं: “इनपुट क्रेडिट जुळत नसेल तर आधी हिला विचारा. पुरवठादाराने बिल नंबर चुकीचा टाकलाय की रिटर्नच भरलेलं नाही, हे ती पटकन हुडकते. ढोलपथकात आहे, त्यामुळे गणपतीच्या आधी संध्याकाळच्या मीटिंगा जरा जपून लावा!”

टाकण्याआधी तिला दाखवलं. “नवऱ्याच्या बदलीमुळे पुण्यात आली” हे वाक्य तिने काढायला सांगितलं, ढोल मात्र ठेवला. हे विचारायलाच हवं. कुणाला काय सांगायचं, ते तिचं तिने ठरवावं.

दुपारीच परचेसमधून एक न जुळणारं बिल तिच्याकडे आलं. नुसत्या ‘मेहनती’वर कुणी बिल पाठवलं असतं का?

तुमच्या स्वागताच्या पोस्टमध्ये तुमच्याबद्दल काय लिहिलं होतं, आठवतंय?