आत्याच्या एमआरआयमधील तीन मिलिमीटर

सोमवार, रात्री

सहा महिन्यांपूर्वी १८ मिलिमीटर असलेली आत्याच्या डोक्यातील गाठ आता २१ मिलिमीटर झाली आहे, असे आजच्या रिपोर्टात लिहून आले आहे. आत्याच्या मुलाने, म्हणजे दादाने, सदाशिव पेठेतून फोन करून तो रिपोर्ट मला वाचून दाखवला आणि लगेच विचारले, "आता तरी ऑपरेशनची तारीख घ्यायची ना?" मी स्वतः रेडिओलॉजिस्ट असल्यामुळे त्याला माझ्याकडून तत्काळ उत्तर हवे होते, पण प्रतिमा पाहिल्याशिवाय मी काहीही सांगणार नाही, एवढेच म्हटले आणि दोन्ही वेळच्या सीड्या मागवून घेतल्या.

पहिला एमआरआय झाला तो चक्कर येत होती म्हणून. ती चक्कर कानाच्या आतील तोल सांभाळणाऱ्या भागामुळे होती. मानेच्या आणि डोक्याच्या ठरावीक हालचाली करवून घेतल्यावर ती थांबली. गाठीचा तिच्याशी काही संबंध नव्हता. गाठ डाव्या बाजूला, कपाळाच्या मागच्या भागात, कवटीच्या आतल्या बाजूला चिकटलेली आहे. मेंदूच्या आवरणातून, म्हणजे अॅरॅक्नॉइड नावाच्या पातळ पडद्यातील पेशींपासून ती वाढते, त्यामुळे ती मेंदूच्या आत नसून मेंदूला बाहेरून किंचित दाबत बसलेली असते. काँट्रास्ट, म्हणजे प्रतिमेत गाठ उजळवणारे शिरेतून द्यायचे औषध, दिल्यावर ती संपूर्ण एकसारखी उजळली होती, तिच्या कडेने आवरणाचा एक निमुळता उजळ पट्टा पसरलेला दिसत होता, आणि मेंदू व गाठ यांच्यामध्ये पाण्याची बारीक रेघ स्पष्ट होती. सीटी स्कॅनमध्ये गाठीत कॅल्शियमचे कणही दिसले होते. मेनिन्जिओमाचे, म्हणजे आवरणातून वाढणाऱ्या अशा गाठीचे, चित्र याहून नमुनेदार क्वचितच मिळते.

तरीही रिपोर्टात आम्ही 'बहुधा मेनिन्जिओमा' असेच लिहितो, आणि ते योग्यच आहे. गाठीची श्रेणी पहिली, दुसरी की तिसरी, हे ऊतीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय खात्रीने कळत नाही. स्तनाच्या कर्करोगाची आवरणावर पसरलेली गाठही कधीकधी हुबेहूब अशीच दिसते. म्हणून न्यूरोसर्जननी आत्याला मॅमोग्राफी करायला लावली होती आणि रजोनिवृत्तीनंतर हार्मोनच्या गोळ्या घेतल्या होत्या का, हेही विचारले होते, कारण या गाठींतील पुष्कळ पेशींवर प्रोजेस्टेरॉनची ग्राहके असतात. दोन्ही बाबतीत चिंतेचे काही निघाले नाही. पहिल्या एमआरआयनंतर सहा महिन्यांनी तो पुन्हा करण्यामागेही हाच हेतू असतो: एखादी वेगाने वाढणारी गाठ मेनिन्जिओमाच्या रूपात लपलेली असेल, तर ती तेवढ्या अवधीत उघडी पडते.

मंगळवार

सीड्या आल्या. दोन सेंटरे वेगळी, यंत्रे वेगळी आणि पद्धतही वेगळी. पहिल्या वेळी काँट्रास्ट देऊन एक मिलिमीटर जाडीचे काप घेतले होते. या वेळी काँट्रास्ट दिलेलाच नाही आणि काप पाच मिलिमीटर जाडीचे आहेत. काँट्रास्टशिवाय ही गाठ मेंदूच्या करड्या भागाइतकीच करडी दिसते, त्यामुळे तिची कड नेमकी कुठे संपते हे अंदाजाने ठरवावे लागते. पाच मिलिमीटरच्या कापात गाठीचे टोक एका कापात अर्धवट येते आणि पुढच्या कापात दिसेनासे होते. शिवाय या वेळी डोके यंत्रात थोडे तिरपे होते, आणि मोजपट्टीची रेघ गाठीच्या पुढे जाऊन कडेच्या जाड झालेल्या आवरणावर टेकली होती. आवरणाचा तो पट्टा गाठीच्या मापात धरायचा नसतो.

मी दोन्ही वेळच्या टी-२, म्हणजे पाणी उजळ दाखवणाऱ्या, प्रतिमा शेजारी शेजारी लावल्या, कारण त्या दोन्ही तपासण्यांमध्ये सामायिक होत्या, आणि दोन्ही एकाच कोनात फिरवून घेतल्या. पहिल्या वेळचे माप १८ आले आणि या वेळचे साडेअठरा. आत्या माझी आहे, त्यामुळे माझ्या हातावर माझा पूर्ण विश्वास नको, म्हणून कोणती प्रतिमा आधीची आणि कोणती नंतरची हे न सांगता मी सहकाऱ्याला मोजायला दिले. त्याला पहिली साडेअठरा आणि दुसरी १८ आली. अर्ध्या मिलिमीटरचा हा फरक गाठीचा नसून मोजणाऱ्याचा आहे. दोन रिपोर्टांत एक-दोन मिलिमीटरचा फरक असा सहज पडतो, आणि माझ्या मते पुढील मापावर कोणताही निर्णय घेण्यापूर्वी दोन्ही वेळच्या प्रतिमा एकाच माणसाने एकाच बैठकीत मोजलेल्या असाव्यात.

तीन मिलिमीटर म्हणजे फार काही नाही, असे मात्र मी दादाला म्हणणार नाही. गाठ लांबी, रुंदी आणि उंची अशा तिन्ही बाजूंनी वाढते. लांबी, रुंदी आणि उंची यांचा गुणाकार करून त्याचा अर्धा घेतला की आकारमानाचा चांगला अंदाज येतो. पहिल्या वेळी मापे १८, १६ आणि १५ होती, म्हणजे सुमारे २.२ मिलिलिटर. तिन्ही मापे खरोखरच तीन-तीन मिलिमीटरने वाढली असती, तर आकारमान सुमारे ३.६ मिलिलिटर झाले असते, म्हणजे सहा महिन्यांत दीडपटीहूनही अधिक. कॅल्शियम असलेल्या आणि भोवती मेंदूची सूज नसलेल्या गाठीने असे वागणे विसंगत वाटले असते आणि मग मीही थांबा म्हटले नसते. म्हणूनच ते तीन मिलिमीटर खरे आहेत की नाहीत, हे आधी ठरवणे इतके महत्त्वाचे होते.

शुक्रवार

काल न्यूरोसर्जनकडे सर्वजण गेलो होतो. त्यांनी मापे स्वतः पाहिली आणि निर्णय पूर्वीचाच ठेवला: ऑपरेशन नाही, आणखी सहा महिन्यांनी काँट्रास्टसह एमआरआय, त्यानंतर वर्षातून एकदा, आणि पाच वर्षे गाठ स्थिर राहिली, तर त्यानंतर दोन वर्षांतून एकदा. पहिल्या रिपोर्टानंतर कोणीतरी आत्याला फिटची गोळी सुरू करायला सांगितले होते. तीही त्यांनी नको म्हटले, कारण तिला कधी फिट आलेली नाही आणि केवळ गाठ आहे म्हणून अशी गोळी देण्याने फायदा होत नाही.

दादाचा मुद्दा मात्र खरा होता आणि डॉक्टरांनी तो बाजूला सारला नाही. तो म्हणाला, आज आई ६३ वर्षांची आहे. गाठ वाढणारच असेल, तर पंचाहत्तरीत ऑपरेशन करण्यापेक्षा आज का करू नये? डॉक्टरांनी त्याला हिशेब मांडून दाखवला. समजा ही गाठ खरोखर वाढणारी निघाली आणि वर्षाला एक मिलिमीटर वाढली, तर तीन सेंटिमीटरला पोहोचायला तिला बारा वर्षे लागतील. पण यांतील पुष्कळ गाठी वाढतच नाहीत, आणि ज्या वाढतात त्यांतील कित्येक काही वर्षांनी मंदावून थांबतात. वाढत्या वयात आणि कॅल्शियम साचलेले असताना हे अधिक वेळा घडते. जी वाढणार असते, तिचा कल बहुधा पहिल्या काही वर्षांतच कळतो, म्हणजे तेव्हाही आत्या पासष्टीच्या आसपासच असेल. दुसऱ्या बाजूला, कवटी उघडून केलेल्या शस्त्रक्रियेत रक्तस्राव, जंतुसंसर्ग आणि नंतर फिट येऊ लागण्याचा धोका आजच पत्करावा लागेल, आणि तो कदाचित कधीही त्रास न देणाऱ्या गाठीसाठी असेल.

नेदरलंड्समधील रॉटरडॅम येथे सुमारे २००० लोकांचे एमआरआय करून घेतलेल्या, २००७ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत शंभरांतील जवळजवळ एकाच्या डोक्यात मेनिन्जिओमा सापडला होता, आणि हे सर्व लोक कोणत्याही तक्रारीसाठी आलेले नव्हते. अमेरिकन न्यूरोसर्जन हार्वी कुशिंग यांनी १९२२ साली या गाठीला हे नाव दिले, तेव्हा ती डॉक्टरांसमोर येई ती फिट, आंधळेपणा किंवा एका बाजूची कमजोरी झाल्यावरच. त्रास नसताना सापडलेल्या गाठीचे काय करायचे, हा प्रश्नच त्यांच्या काळात फारसा उद्भवत नव्हता. आज पुण्यात चक्कर, डोकेदुखी किंवा साधा मार लागला म्हणून एमआरआय होतात आणि अशा गाठी माझ्यासमोर वारंवार येतात.

थांबण्याची मुभा जागेवरही अवलंबून असते, हे मी घरी आल्यावर दादाला सविस्तर सांगितले. आत्याची गाठ मोठ्या शिरेपासून आणि दृष्टीच्या नसेपासून दूर आहे, म्हणून तिला एक-दोन मिलिमीटरची सूट देता येते. हीच गाठ डोळ्याच्या नसेच्या वाटेवर असती, तर दोन मिलिमीटरनेही दृष्टी जाऊ शकली असती, आणि तिथे एमआरआयइतकेच वारंवार डोळ्यांच्या दृष्टिक्षेत्राची तपासणीही करावी लागली असती.

आत्याला या सगळ्या आकड्यांमध्ये रस नव्हता. ती म्हणाली, "अगं, मला एवढंच सांग, मी कशाकडे लक्ष ठेवायचं आणि कशाकडे नाही?" तिचा प्रश्न आम्हा सर्वांच्या प्रश्नांहून नेमका होता. मी तिला सांगितले की रोजची डोकेदुखी, कधीतरी नाव न आठवणे किंवा उन्हातून आल्यावर होणारी गरगर ही गाठीची लक्षणे धरू नकोस. पण उजव्या हाताला किंवा पायाला झटके आले, उजवी बाजू ढिली पडू लागली, शब्द सापडेनासे झाले, दिवसेंदिवस वाढत जाणारी आणि सकाळी उलटीसह येणारी डोकेदुखी सुरू झाली, तर पुढच्या तारखेची वाट पाहायची नाही. एक गोष्ट दादाला वेगळी सांगितली, कारण ती आत्याला स्वतःला जाणवणार नाही: ती नेहमीपेक्षा उदासीन, आळशी किंवा चिडखोर वागू लागली, तर तेही डॉक्टरांना कळवायचे. कपाळामागच्या भागावर दाब वाढल्यावर कधीकधी तो स्वभावातूनच आधी दिसतो.

तिच्या फाइलच्या पहिल्या पानावर मी पुढील तपासणीसाठी सूचना लिहून ठेवली आहे. एमआरआय शक्यतो पहिल्याच सेंटरमध्ये करावा, काँट्रास्टपूर्वी मूत्रपिंडाचे काम कळण्यासाठी रक्तातील क्रिएटिनिन तपासावे, एक मिलिमीटरचे काप घ्यावेत आणि पहिली सीडी सोबत द्यावी. तुलना नेहमी त्या पहिल्या तपासणीशीच करावी, हे मी अधोरेखित केले आहे. दर वेळी फक्त मागच्या रिपोर्टाशी तुलना केली, तर १८ चे १९, १९ चे २० आणि २० चे २१ होताना प्रत्येक रिपोर्टात 'लक्षणीय बदल नाही' असेच लिहिले जाते, आणि तीन वर्षांत दीडपट झालेली गाठ कोणाच्याही लक्षात येत नाही. सेंटरने जुन्या प्रतिमा कायम जपल्याच असतील असे गृहीत धरता येत नाही, म्हणून पहिल्या सीडीची एक प्रत दादाच्या पेन ड्राइव्हवर आणि दुसरी माझ्या संगणकावर ठेवली आहे. सलग दोन तपासण्यांमध्ये वर्षाला दोन मिलिमीटरहून अधिक वाढ दिसली, किंवा गाठीभोवती मेंदूला सूज आली, तर ऑपरेशन अथवा किरणोपचाराचा विचार करायचा, असे डॉक्टरांशी ठरले आहे.