तुम्ही विचारलंत म्हणून: उभा धागा वर की खाली?

“काकू, फुलीच्या टाक्याचं भरतकाम करताना मॅटीवर माझं मोजणं बरोबर येतं, पण या बारीक विणीच्या कापडावर एखादा धागा हमखास सरकतो. तुमचं चुकत कसं नाही? आणि मागची बाजू एवढी स्वच्छ कशी राहते?”

मी मोजते कमी आणि बघते जास्त. मॅटीवर चौकोन आयते विणलेले असतात, भोकं ठळक असतात, तिथं सुई आपोआप जागेवर जाते. इव्हनवीव्हवर, म्हणजे उभे आणि आडवे धागे इंचाला सारखेच असलेल्या या बारीक कापडावर, असलं काही नसतं. एक उभा, एक आडवा, एवढीच साधी वीण, आणि प्रत्येक दोन धाग्यांच्या मधली फट सुईला सारखीच वाटते. आपण एक फुली दोन धाग्यांवर घेतो. नजर जरा हलली की दोनाचे तीन होतात, आणि कापड काही तक्रार करत नाही.

पण साध्या विणीतली प्रत्येक फट खरं तर सारखी नसते. सुई जिथून वर आली त्या फटीच्या उजव्या वरच्या कोपऱ्याकडे बघा. तिथं एक उभा आणि एक आडवा धागा एकमेकांना ओलांडतात. त्या जागी उभा धागा वर दिसतो का आडवा? शेजारच्या फटीत बरोबर उलटं असतं. म्हणजे सगळं कापड बुद्धिबळाच्या पटासारखं आहे, एक फट पांढरी, एक काळी. पहिली फुली उभा धागा वर असलेल्या फटीतून सुरू केली आणि दर वेळी दोन-दोन धागेच ओलांडले, तर डावीकडे जा, उजवीकडे जा, वर-खाली जा, सुई कायम त्याच रंगाच्या घरात पडते. ज्या क्षणी उजव्या वरच्या कोपऱ्यात आडवा धागा वर दिसेल, त्या क्षणी समजायचं की कुठंतरी एक धागा कमी-जास्त झालाय. पुढं एकही टाका घालायचा नाही.

मी ही खूण प्रत्येक टाक्याला बघत नाही, तसं केलं तर रुमाल व्हायला वर्ष लागेल. नवा दोरा घेतला की, आणि दहा फुल्या झाल्या की बघते. उजेड खिडकीचा हवा. फिकं कापड असेल तर मांडीवर काळं फडकं टाकायचं, मग फटी स्वच्छ दिसतात. गडद कापडाला पांढरं. आणखी एक सोय म्हणजे बॉर्डर करताना कापड काटकोनात फिरवलं तरी खूण बदलत नाही. उलटं करून मागून बघितलं तरी उजव्या वरच्या कोपऱ्यात उभाच धागा वर दिसतो. विश्वास बसत नसेल तर हातातल्या कापडावर करून बघा.

या खुणेच्या मर्यादाही सांगते. पटावरचा उंट तिरका चालतो आणि त्याच्या घराचा रंग बदलत नाही. तसंच तुम्ही एक धागा उजवीकडे आणि एक धागा वर असे दोन्हीकडे चुकलात, तर खूण बरोबरच दिसणार. अख्खी एक फुली, म्हणजे दोन धागे चुकलात, तरी खूण गप्पच. त्यासाठी चौकटी आखाव्याच लागतात. मी मासे पकडायच्या गळाची बारीक नायलॉन दोरी वापरते, शक्यतो लाल. दोन धागे वर, दोन धागे खाली असा धावदोरा घालत जायचं; पाच वेळा वर आणि पाच वेळा खाली झाले की वीस धागे, म्हणजे दहा फुल्या. दर वीस धाग्यांवर अशी एक उभी आणि एक आडवी रेघ. आपला टाका नायलॉनला भोसकून जाऊ शकत नाही, त्यामुळे काम झाल्यावर टोक धरून ओढलं की दोरी सुळकन निघते. शिवणाच्या दोऱ्याच्या रेघा मात्र टाक्यांत अडकतात, आणि मग चिमट्यानं तंतू उपटत बसा. पाण्यानं जाणाऱ्या पेननंही आखता येतं, फक्त ते पूर्ण धुऊन गेल्याशिवाय इस्त्री लावायची नाही. उष्णतेनं शाई पक्की बसते.

याआधी एक काम असतं, ते म्हणजे कापड खरंच इव्हनवीव्ह आहे का ते बघणं. आपल्याकडं बाजारात कोणतंही साध्या विणीचं जाड कापड ‘याच्यावर चालतंय की’ म्हणून गळ्यात मारतात. आपलं इचलकरंजी जवळच आहे, मागवाल्यांच्या घरात पिक ग्लास असतो, ती घडीची छोटी भिंगाची चौकट. एक इंचाची खिडकी असलेली ही चौकट कापडावर ठेवून उभे धागे मोजायचे, मग तिथंच आडवे. दोन्ही 28 आले तर चांगलं. दोन धाग्यांवर फुली म्हणजे इंचाला 14 फुल्या. उभे 28 आणि आडवे 26 आले तर तुमचं मोजणं कितीही अचूक असो, 70 फुल्यांचा चौकोन एकीकडं 5 इंच आणि दुसरीकडं जवळजवळ 5.4 इंच होणार. अशा कापडावर गोल फूल लांबुडकं दिसतं आणि बायका स्वतःच्या हाताला दोष देतात.

आता चूक झालीच तर शोधायची कशी, ते एका खऱ्या कामावरून सांगते. माझ्या भाचीनं 28 च्या लिननवर एका चौकटीची बॉर्डर घेतली होती, 70 फुल्या आडव्या, 50 उभ्या, एका फुलीच्या जाडीची. खालच्या डाव्या कोपऱ्यातून निघाली, उजवीकडं, मग वर, मग डावीकडं आणि परत खाली. एकूण 236 फुल्या. शेवटी खाली उतरताना बघते तर बॉर्डर सुरुवातीच्या कोपऱ्याच्या एक धागा बाहेर. “आत्या, सगळं उसवू का?” म्हणाली. म्हटलं, थांब, कात्री ठेव.

वरचा उजवा कोपरा बघितला, खूण बरोबर. वरचा डावा कोपरा बघितला, तिथं आडवा धागा वर. म्हणजे गडबड वरच्या आडव्या ओळीत. त्या ओळीचा साधारण मध्य, पस्तिसावी फुली, तिथं बरोबर. बावन्नाव्याला चूक. त्रेचाळिसाव्याला परत बरोबर. मग पुढच्या दोन-चार फुल्या भिंगातून बघितल्या आणि सत्तेचाळिसावी सापडली. लिननमध्ये मध्येच एखादा धागा जाडसर येतो, आणि त्याला चिकटून एक बारीक धागा लपला होता. तिनं जाड धागा एक धरला, पुढचा एक धरला, झाले दोन. प्रत्यक्षात फुली तीन धाग्यांवर बसली होती. उसवायला लागल्या त्या 72 फुल्या, 236 नव्हे. चूक एकच धाग्याची आणि एकदाच झालेली असेल, तर अर्ध्यावर-अर्ध्यावर बघत जायची ही पद्धत कामाला येते. दोनदा चूक झाली असेल तर मधला भाग चुकीचा दिसतो आणि पुढं खूण परत बरोबर येते, म्हणून चारही कोपरे बघितल्याशिवाय कात्री हातात घेऊ नका.

उसवताना पुढून दोरा ओढायचा नाही. मागून दोन-तीन टाके कापायचे, चिमट्यानं तुकडे काढायचे. गडद दोऱ्याचे तंतू राहिले तर चिकटपट्टीनं टिपून घ्यायचे.

मागच्या बाजूचं विचारता, तर ती माझ्यासाठी या तपासणीचाच अर्धा भाग आहे. मी ओळ आडवी घेते. आधी सगळे अर्धे टाके एका दिशेनं, डावीकडून उजवीकडे, खालून वर तिरके. मग परत येताना उलटे तिरके. असं केलं की मागं फक्त उभ्या काड्या पडतात, दोन-दोन धाग्यांच्या अंतरावर. एखादी काडी तिरकी दिसली म्हणजे सुई वर काढताना फट चुकली. दोन काड्यांतलं अंतर जास्त दिसलं म्हणजे तीन धागे ओलांडले गेले. भाचीच्या कामात हे मागून सहज दिसलं असतं, पण तिच्या मागं इतके दोरे आडवे-तिडवे गेले होते की चुकीची तिरकी रेघ आणि उडी मारलेली तिरकी रेघ वेगळी करणं अशक्य. मागची बाजू नीट ठेवायची ती म्हणून. स्पर्धेत परीक्षक कापड उलटं करून बघतात हे खरं, पण ते नंतरचं.

सुरुवात गाठीनं करायची नाही. सहापदरी दोऱ्यातून एक पदर साधारण एक मीटर काढायचा, मधोमध दुमडायचा आणि दोन्ही टोकं सुईत ओवायची. पहिला टाका घेताना दुमडीचा फास मागं सोडायचा, सुई खाली आली की त्या फासातून काढून हलकेच ओढायची. ना गाठ, ना शेपूट. हे दोन, चार किंवा सहा अशा सम पदरांनाच जमतं. एकाच दोऱ्यात रंग फिका-गडद होत जात असेल तर दुमडल्यावर रंगाचा क्रम बिघडतो, तिथं नेहमीसारखं टोक मागं धरून पहिल्या चार-पाच टाक्यांखाली दाबून घ्यायचं.

संपवताना सुई मागच्या चार-पाच उभ्या काड्यांखालून आडवी सरकवायची आणि दोरा जवळून कापायचा. गडद दोरा गडद टाक्यांखालीच. सगळी टोकं एकाच जागी संपवली तर पुढून फुगवटा दिसतो आणि फ्रेम केल्यावर काचेला टेकतो. एका रंगाच्या ठिपक्यावरून दुसऱ्यावर जायचं असेल तर तीन-चार फुल्यांपर्यंत ठीक, तेही मागच्या काड्यांखालून. मोकळ्या कापडावरून लाल किंवा काळा दोरा नेऊ नका. इव्हनवीव्हच्या फटीतून तो पुढं सावलीसारखा दिसतो, धुऊन जात नाही आणि फ्रेममध्ये तर अजूनच उठून दिसतो. त्यापेक्षा दोरा संपवून दुसरीकडे नव्यानं फास टाकलेला परवडतो.

ज्या डिझाइनमध्ये दर फुलीला रंग बदलतो, माणसाचा चेहरा वगैरे, तिथं मागची बाजू आरशासारखी ठेवायच्या नादाला मीही लागत नाही. तिथं चौकटीच्या रेघा दहाऐवजी पाच फुल्यांवर घालते, प्रत्येक रंगाची सुई वेगळी ठेवते आणि मागं जाडी एकसारखी राहील एवढंच बघते.