आमची वाटचाल : केटल, ॲडव्हान्स आणि रतांब्यांचा हंगाम

वेंगुर्ल्याजवळ आमचं छोटं युनिट आहे. हंगामात आंब्याचा पल्प आणि रतांब्यांपासून कोकम सिरप व आगळ करतो, उरलेलं वर्ष ते विकतो. सुरुवातीची पाच वर्षं चुलीवरच्या पातेल्यांत गेली. नंतर वाफेची, ढवळणी असलेली केटल आणि एक पल्पर घ्यायचं ठरवलं. इथे मशीन कशी निवडली ते सांगत नाही. पैसे कसे द्यायचे आणि उशीर झाला तर काय, यावर जी घासाघीस झाली तेवढीच सांगते.

मशीन बनवणारे कोल्हापूरकडचे. किंमत 4,80,000, वर जीएसटी. कोटेशनच्या खालची ओळ अशी होती: 60 टक्के ऑर्डरबरोबर, बाकी डिस्पॅचआधी. म्हणजे टेम्पो घाट उतरण्याआधी सगळे पैसे त्यांच्या खात्यात. माझ्या नवऱ्याने लगेच उलट अट टाकली, उशीर झाला तर आठवड्याला 5 टक्के दंड. मशीनवाले फोनवर हसले आणि म्हणाले, "लिवा की साहेब, काय बी लिवा."

ते का हसले हे मला कळत होतं, कारण पहिल्या वर्षी बाटलीवाल्याने आम्हाला तसंच हसून दाखवलं होतं. दंड कागदावर होता आणि पैसे त्याच्याकडे. दंड वसूल करायला त्याच्यामागे धावणार कोण? तेव्हापासून माझं एक मत पक्कं झालं. पेमेंटची अट आणि उशिराची अट वेगवेगळी बोलायचीच नाही. उशीर होईल तेव्हा आपल्या हातात जेवढे पैसे शिल्लक, तेवढाच दंड खरा.

मग मी त्यांना एवढंच विचारलं, की 2,88,000 पहिल्या दिवशी नेमके कुठे जाणार? थोडं आढेवेढे घेऊन उत्तर आलं, "वैनी, प्लेटवाला उधारीवर देत न्हाई. मोटर-गिअरबॉक्सवाला तर पैसे आल्याशिवाय बोलतच न्हाई." प्लेटचा हिशोब मागितला तेव्हा साधारण 1,30,000 निघाले. आगळ आंबट आणि खारट, म्हणून मालाला लागणारा भाग आम्ही 316 ग्रेडच्या स्टीलचा मागितला होता. साध्या 304 ला मिठाने बारीक खड्डे पडतात. 316 महाग, तेव्हा त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं.

तिथून बोलणं सुरळीत झालं. ऑर्डरबरोबर 10 टक्के, 48,000. प्लेट त्यांच्या शेडमध्ये उतरल्या की 1,30,000 थेट स्टीलच्या व्यापाऱ्याच्या खात्यावर, बिल मात्र मशीनवाल्यांच्या नावे, आणि रक्कम आमच्या हिशोबात जमा. प्लेट कायद्याने त्यांच्याच राहतात, त्यामुळे ते बुडाले असते तर आम्हीही अडकलो असतो. पण निदान आमचे पैसे दुसऱ्याच्या जुन्या ऑर्डरची उधारी भागवायला गेले नाहीत. ॲडव्हान्समध्ये खरा धोका तोच असतो. त्यांच्या शेडमध्ये टेस्ट पाहून 2,54,000 आणि सगळा जीएसटी. उरलेले 48,000 आमच्याकडे केटल चालल्यावर 15 दिवसांनी.

या शेवटच्या 10 टक्क्यांवर ते अडले. खाली कोकणात एका काजूवाल्याने त्यांचे असेच पैसे अडकवून ठेवले होते. "आधी लाइट कनेक्शन न्हाई म्हणाला, मग पाऊस आला म्हणाला." त्यात तथ्य होतं. म्हणून लिहिलं, की आमच्या कारणाने केटल सुरू झाली नाही तरी माल पोचल्यापासून 30 दिवसांत पैसे द्यायचे. आमच्या सीएंनीही तेच सांगितलं होतं: नोंदणी असलेल्या छोट्या उत्पादकाचे पैसे 45 दिवसांपलीकडे रोखले तर कायद्याने व्याज आपल्याच अंगावर येतं.

आता उशीर. 'दंड' शब्द त्यांना नको होता, मग 'उशिराची कपात' असं लिहिलं. तारीख 25 मार्च, आणि ती आमच्या दारात पोचायची, त्यांच्या शेडमधून सुटायची नव्हे. मध्ये घाट आहे, हा फरक लहान नाही. पुढे एक आठवडा सवलत, त्यानंतर दिवसाला किमतीच्या अर्धा टक्का, जास्तीत जास्त 5 टक्के, आणि कपात फक्त त्या शेवटच्या 48,000 मधून. 20 एप्रिलनंतर मात्र ऑर्डर रद्द करून पैसे परत मागायचा हक्क आमचा. 24,000 ने आमचा हंगाम भरून निघणार नव्हताच, खरा आधार ही तारीख होती. आमच्याकडचा जुना गडी म्हणाला होता, "रतांबे थांबाचे नाय हां." जूनचा पाऊस लागला की संपलंच.

त्यांनीही एक अट घातली: केटलचं ड्रॉइंग मंजुरीसाठी आमच्याकडे 3 दिवसांपेक्षा जास्त राहिलं तर तारीख तेवढे दिवस पुढे. मी मान डोलावली आणि तिथेच फसले. ड्रॉइंग 3 फेब्रुवारीला आलं. खालचा व्हॉल्व्ह कुठल्या बाजूला, यावर आम्हा नवरा-बायकोचं एकमत व्हायला 12 तारीख उजाडली. 6 दिवस आमच्या खात्यावर. म्हणजे तारीख 31 मार्च, सवलत धरून 7 एप्रिल.

एप्रिलमध्ये टेस्टला आम्ही दोघं गेलो. केटलभोवती वाफ खेळते त्या जॅकेटमध्ये पाणी भरून कामाच्या दीडपट दाब देऊन ठेवला. काटा स्थिर दिसत होता, पण तळाच्या वेल्डवरून बोट फिरवलं तर ओलं लागलं. पुसलं, पुन्हा ओलं. थेंब पडत नव्हता, वेल्डला नुसता घाम येत होता. ते म्हणाले, हवेतला दमटपणा. मी म्हटलं, मग बाकीची केटल कोरडी कशी? वेल्ड घासून पुन्हा भरला, दोन दिवस गेले. आधी गिअरबॉक्सनेही खोळंबा केला होता. टेम्पो आमच्या दारात आला 15 एप्रिलला. 8 दिवस, 19,200 रुपये.

उतरवायच्या गडबडीत एक गोष्ट विसरले नाही, ती एका वकील नातेवाइकाने सांगितलेली. 1872 च्या करार कायद्याचं कलम 55 असं, की वेळ हीच मुख्य अट असताना उशिराचा माल मुकाट्याने घेतला तर मागाहून भरपाई मागता येत नाही. घेतानाच तसं कळवावं लागतं. चलनाच्या दोन्ही प्रतींवर मी लिहिलं: 'ठरलेल्या तारखेनंतर मिळाला. कपातीचा हक्क राखून ताब्यात घेतला.' ड्रायव्हरची सही घेतली, फोटो काढून मशीनवाल्यांना लगेच पाठवला.

फोन अर्थातच आला. आवाज चढलेला होता. "गिअरबॉक्सवाल्यानं घोळ घातला, त्यात माझी काय चूक?" मी त्यांच्यापुढे वहीतला हिशोब ठेवला. त्या 8 दिवसांत पातेल्यावर लावलेल्या जादा बायकांची मजुरी आणि दुसऱ्या युनिटला कमी भावात दिलेला आंबा मिळून 14,600. कलम 74 प्रमाणे लिहिलेली रक्कम ही वरची मर्यादा, कोर्ट त्याच्या आत वाजवी तेवढंच देतं, हे मला माहीत होतं. आणि पल्परच्या जाळ्या पुढेही त्यांच्याकडूनच घ्यायच्या होत्या. 14,600 कापले, उरलेले 33,400 पंधराव्या दिवशी पाठवले.

यंदा दुसऱ्या केटलचं कोटेशन आलं. त्यात 10 टक्के, प्लेटचे पैसे थेट व्यापाऱ्याला आणि उशिराची कपात, सगळं त्यांनीच टाइप केलेलं. ड्रॉइंगच्या 3 दिवसांखाली मात्र जाड रेघ मारलेली.