जूनचा पगार झाला एकदाचा

30 जून, रात्र

आज दिवसभर धो धो. गुहागरात कुत्रं फिरकत नव्हतं रस्त्यावर. दुकानाचा गल्ला 340 रुपये, त्यातलेही 60 शेजारच्या काकूंच्या नावावर उधारीत. आणि तरी संध्याकाळी मी दुकानाच्या खात्यातून 22 हजारांतले घरी नेलेल्या मालाचे कापून बाकीचे घरखात्यात टाकले. माझा जूनचा पगार. सासूबाईंना अजून हे पटलेलं नाही, "दुकान तुझंच ना गो, मग पगार देतो कोण तुला?" दुकान देतं, म्हटलं.

पूर्वी असं नव्हतं. आमसुलं, आगळ, काजू, फणसपोळी, बाकी थोडा किराणा असं आपलं दुकान. मे महिन्यात पर्यटक आणि चाकरमानी आले की गल्ला भरायचा, मग मिक्सर पण घ्या, लग्नाचे आहेर पण जोरात, आणि जुलैत गॅस सिलिंडरला पैसे शोधायचे. क्यूआर कोडचे पैसे पण माझ्या घरच्याच खात्यात पडायचे त्यामुळे त्यातलं दुकानाचं किती न घरचं किती हे ब्रह्मदेवाला ठाऊक. मे महिन्यातला गल्ला म्हणजे कमाई नाही, त्यातला बराचसा मालाचाच पैसा असतो, हे कळत होतं पण हात थांबत नव्हता.

मग दुकानाचं वेगळं खातं काढलं, क्यूआर तिकडे फिरवला आणि वही घेऊन बसले. माल, भाडं, लाईट बिल, मदतीला येणाऱ्या पोरीचे पैसे सगळं वजा करून वर्षात हाती काय राहिलं, महिनावार. मे 62 हजार, डिसेंबर 40, एप्रिल 38, आणि जून 11, जुलै 6, ऑगस्ट 12! वर्षाचे 3 लाख 18 हजार, म्हणजे महिन्याला साडेसव्वीस. मी खूश, तेवढाच पगार लावला.

तिथेच फसले. सरासरी बरोबर होती पण पैसे नोटांत नव्हते ना, मे अखेरीस कोकमं आणि काजू भरून ठेवलेले, खातं जवळजवळ रिकामं. ऑगस्टात पगार घेतला आणि गणपतीचा माल भरायला काही उरलं नाही, व्यापाऱ्याला दोनदा "पुढच्या आठवड्यात" सांगावं लागलं. पगार घरात वेळेवर आणि मालवाल्याला उशीर, म्हणजे पगार जास्त आहे, एवढं मला तेव्हा समजलं.

यंदा उलटं केलं. आधी पावसाळ्याचे तीन महिने बघितले. 22 हजार पगार धरला तर तीन महिन्यांचे 66 हजार लागणार, कमाई 29, म्हणजे 37 हजार कमी पडणार. तेवढे 31 मेला खात्यात मोकळे हवेतच, माल सोडून, गणपतीच्या मालाचे पैसे पण वेगळे सोडून. मी 45 ठेवले. कधी गणपती ऑगस्ट अखेरीस आले तर खड्डा लवकर भरतो, यंदा सप्टेंबरात आहेत म्हणून जास्तच धरले. जूनची कमाई बरोबर 11 हजार झाली, म्हणजे आज साठ्यातले 11 गेले, उरले 34. जुलैत अंदाजे 16 जातील. ऑगस्टनंतर 8 उरायला हवेत, नाही उरले तर सप्टेंबरात पगार 18 वर आणायचा असं आत्ताच ठरवून ठेवलंय. मध्येच मेमध्ये वाढवायचा मात्र नाही, मे हा वर्षाचा महिना आहे, एका महिन्याचा नाही.

घरात नेलेलं तेल, साखर, नारळ पण आता वहीत जातं, माल ज्या भावाने आला त्या भावाने, आणि महिनाअखेरीला पगारातून कापलं जातं. पहिल्या महिन्यात ते 3100 निघाले, मला वाटलेले हजारभर. हिशोब बघणाऱ्या सीएंनी मात्र स्पष्ट सांगितलंय, ताई, एकट्याच्या मालकीच्या दुकानात हा पगार खर्चात धरता येत नाही, ती मालकाची उचल, टॅक्स पूर्ण नफ्यावरच बघायचा. म्हणजे कराच्या वहीत मी नोकर नाही, घरातच आहे.

रात्री जेवताना हे म्हणाले, रिक्षाचा टायर गेलाय, दुकानातून दोन हजार दे. म्हटलं देते, पण उसने म्हणून लिहून. "व्याज किती घेतेस?" म्हणे. आणि सही पण केली वहीत, वर चष्मा लावून आकडा वाचला.