बँकेपुढचं प्रेझेंटेशन उसाच्या गावात

तुम्ही विचारलंत म्हणून: "जुनंच प्रेझेंटेशन नव्या लोकांपुढे न्यायचं, तर त्यातलं काय काढायचं, काय बदलायचं आणि काय नव्याने लिहायचं?"

फाईल उघडण्याआधी मी कागदावर एवढंच लिहितो: समोरचा माणूस सगळ्यात आधी काय विचारेल? उसाच्या ठिबकावरचं माझं प्रेझेंटेशन सांगलीतल्या बँक अधिकाऱ्यांसाठी केलेलं होतं. त्यांचा पहिला प्रश्न, कर्ज फिटणार का? तेच वाळवा तालुक्यात कृष्णाकाठच्या शेतकऱ्यांपुढे मांडायचं ठरलं. त्यांचा प्रश्न वेगळा: नदी उशाला असताना ठिबक कशाला?

या प्रश्नाच्या कामाचं नाही ते आधी काढलं: हप्त्यांचा तक्ता, तारण, थकबाकी. स्लाइड नुसती लपवू नका. फाईल कुणाला पाठवलीत की लपवलेली स्लाइड आणि खालच्या नोट्सही जातात. एक्सेलमधला चार्ट एम्बेड केला असेल तर त्यामागे अख्खं वर्कबुक असतं, म्हणजे कर्जदारांची माहितीही. असा चार्ट मी चित्र म्हणूनच चिकटवतो.

मग आकडे. जुन्या स्लाइडवर अनुदान 55 आणि 45 टक्के होतं. आता राज्याचं पूरक अनुदान धरून अल्प-अत्यल्प भूधारकांना 80 आणि इतरांना 75 टक्के. पण ते सरकारने ठरवलेल्या खर्चमर्यादेवर मिळतं, दुकानदाराच्या बिलावर नव्हे, हे त्याच स्लाइडवर लिहिलं. ठिबकावरचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून 12 वरून 5 टक्क्यांवर आला, त्यामुळे जुनी किंमतही बदलली. हेक्टरी खर्चाला 2.47 ने भागून तो एकरी केला, कारण गावात हिशोब एकरातच होतो.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो "पाण्याची बचत" या स्लाइडवर. तिचा आकडा बरोबर होता, पण नदीकाठी बचतीचं कुणाला काय? इथलं खरं दुखणं क्षारपड जमिनीचं. काळ्या भारी रानात पाटाने वर्षानुवर्षं जास्त पाणी दिलं आणि निचरा झाला नाही, तर भूजल वर चढतं. ते मातीतून वर ओढलं जातं, पाण्याची वाफ होते आणि क्षार मागे राहतात. म्हणून आधी पांढरा थर आलेल्या रानाचा फोटो लावला आणि मथळा लिहिला: "जास्तीचं पाणी रानात मीठ आणतं." त्याखाली मोठ्या अक्षरात हेही, की आधीच क्षारपड झालेलं रान नुसत्या ठिबकाने सुधारत नाही, निचऱ्याची सोय करावीच लागते. बँकेच्या प्रेझेंटेशनमध्ये ही ओळ नव्हती. शेतकऱ्याला मात्र पैसे घालण्याआधी ती कळायलाच हवी.

शेवटी फक्त मथळे ओळीने एका ऊस उत्पादकाला वाचून दाखवतो. जिथे तो "म्हणजे काय?" विचारेल, ती स्लाइड पुन्हा लिहायला घेतो.