आमची वाटचाल: दहा हजारांच्या पुढची पायरी

आम्ही बुश बनवतो, म्हणजे यंत्रांत बसणाऱ्या धातूच्या छोट्या पोकळ नळ्या. बार कापायचा, टर्निंग करायचं, आतला व्यास प्लग गेजने तपासायचा आणि नग पेटीत टाकायचा. सुरुवातीची सहा वर्षं दोन मशीन आणि एका शिफ्टमध्ये बरी गेली. त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. सांगायचं आहे ते नंतरच्या आठ महिन्यांचं.

आकडे समजायला सोपे जावेत म्हणून गोल केलेत. नग 50 रुपयांना जायचा. माल, धातू कापणारी बदलती पाती म्हणजे इन्सर्ट, वीज आणि नगावरची मजुरी मिळून 30 जायचे, म्हणजे नगामागे 20 सुटायचे. भाडं, हप्ते आणि पगार धरून महिन्याचा स्थिर खर्च 1,60,000 होता. म्हणजे 8,000 नगांवर बरोबरी, ना नफा ना तोटा. एका शिफ्टमध्ये जास्तीत जास्त 10,000 नग निघायचे आणि तेवढे विकले की 40,000 उरायचे. हे गणित आम्हाला पाठ होतं. ते फक्त 10,000 नगांपर्यंतच खरं आहे, हे मात्र डोक्यात शिरलं नव्हतं.

मग एका मोठ्या गिऱ्हाइकाने महिन्याला 2,000 नग वाढवून मागितले. नगामागे 20, म्हणजे 40,000 जास्त सुटणार, असं मी धरून चाललो. माझ्या भागीदाराने जॉब कार्डाच्या मागे पेन्सिलने आलेख काढून दाखवला. स्थिर खर्चाची रेघ 10,000 पर्यंत सपाट गेली, तिथे सरळ वर चढली आणि पुन्हा सपाट झाली. दुसरी शिफ्ट म्हणजे सुपरवायझर, तपासनीस, रात्रीचा पहारा, मिळून 70,000. दहा हजार एकावा नग काढायचा तरी हा खर्च पूर्णच पडतो. स्थिर खर्च 2,30,000 झाला की बरोबरीचा बिंदू 11,500 वर जातो आणि आधीचे 40,000 परत मिळायला 13,500 नग विकावे लागतात. मधल्या सगळ्या नगांवर जास्त राबून कमी मिळणार. 12,000 नगांवर उरणार होते फक्त 10,000.

तरीही मी हो म्हटलं. त्याच सुमारास दुसऱ्या एका कारखानदाराने त्या गिऱ्हाइकाकडे जाऊन 2 रुपये कमी भाव टाकला. त्याच्याकडे दुसरी शिफ्ट आधीपासूनच चालू होती आणि ती अर्धी रिकामी होती. पायरीचा पैसा त्याने कधीच भरलेला, त्यामुळे त्याला ते परवडलं. आम्ही नुकतीच पायरी चढत होतो. मी सगळ्याच नगांना 48 भाव कबूल केला. नगामागे 18 सुटायला लागले: 12,000 नगांचे 2,16,000, खर्च 2,30,000. मशीन रात्रंदिवस चालू आणि दर महिन्याला 14,000 तोटा.

पाच महिन्यांनी त्या गिऱ्हाइकाने 3,000 नग काढून त्याच माणसाला दिले. हे मी आजही विसरलेलो नाही. आम्ही 9,000 वर आलो. एका शिफ्टचा खर्च असता तर 2,000 तरी उरले असते. पण ज्याला चांगली नोकरी सोडायला लावून आणलं, त्या सुपरवायझरला लगेच जा म्हणता येईना. खर्चाची पायरी चढायला एक दिवस लागला, उतरायला तीन महिने. त्या तीन महिन्यांत दर महिन्याला 68,000 गेले.

आम्ही वाचलो ते पंपवाल्या काकांमुळे. पहिल्या वर्षापासूनचं गिऱ्हाईक. त्यांनी जुन्याच भावाने माल घ्यायचं ठरवलं आणि सहा महिन्यांचं शेड्यूल लिहून दिलं. मोठ्या गिऱ्हाइकालाही मी 50 च सांगितले. त्याचे काही नग गेले, ते जाऊ दिले. मागणी पुन्हा 10,000 च्या पुढे गेली तेव्हा सुपरवायझर न नेमता ओव्हरटाइम केला. त्यात मजुरी नगामागे 6 ने वाढते, म्हणजे 14 सुटतात. 12,000 नगांवर 68,000 उरले. दुसऱ्या शिफ्टमध्ये तिथेच 10,000 उरले असते.

ओव्हरटाइमलाही मर्यादा आहे. आमच्याकडे ती 12,500 नग. त्यापुढे दमलेला ऑपरेटर इन्सर्ट वेळेवर बदलत नाही, माप सरकत जातं आणि प्लग गेज अडायला लागतो. त्या मर्यादेवर 75,000 उरतात. तेवढेच दुसऱ्या शिफ्टमधून उरायला 15,250 नग लागतात. म्हणून नवीन कारखानदारांना सांगतो, कोणी विचारलं नसलं तरी: सुपरवायझर नेमायचा आकडा जुन्या नफ्यावरून काढू नका, ओव्हरटाइममधून जे मिळतं त्याच्याशी ताडून काढा. आणि तोंडी ऑर्डर त्यात धरू नका.

आम्ही 15,500 नगांचं शेड्यूल हातात येईपर्यंत थांबलो. दुसरी शिफ्ट पुन्हा सुरू केली तेव्हा जुन्याच सुपरवायझरला बोलावलं, आणि तो आला.